टक् टक् करणारी हार्डडिस्क: आधी आवाज ओळखा, मग हात लावा

साताऱ्याहून मामांचा फोन आला तेव्हा मागे तो आवाज मलाही ऐकू येत होता. टक्... टक्... टक्... थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा तेच.

"अरे, डिस्क लावली की असं वाजतंय. आणि कॉम्प्युटरवर नावच येत नाही तिचं. चार वेळा काढून लावली."

"मामा, आधी ती काढा. आत्ता, फोन चालू असतानाच."

मामा निवृत्त शिक्षक. त्या १ टीबीच्या खिशात मावणाऱ्या डिस्कवर गावच्या भजनी मंडळाची बारा-तेरा वर्षांची रेकॉर्डिंग होती आणि घरातले झाडून सगळे फोटो. दुसरी प्रत? "तीच तर प्रत होती," असं ते म्हणाले. मूळ फायली लॅपटॉपवरून कधीच पुसल्या होत्या. अर्थात ती प्रत नव्हती, एकमेव होती.

डिस्क वाजली म्हणजे ती मेलीच असं नसतं. पण ती का वाजते हे कळायच्या आत आपण जे काही करतो, त्यानेच बरीचशी माहिती जाते. म्हणून आधी तो आवाज कुठून येतो ते पाहू.

आत नेमकं काय वाजतं

डिस्कच्या पेटीत काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत तबकड्या असतात. छोट्या डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात. तबकडीवरून एक बारीक दांडा इकडून तिकडे फिरतो आणि त्याच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं 'हेड' असतं. जुन्या रेकॉर्डप्लेअरची सुई तबकडीला टेकते. हे हेड टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. तबकडीपासून त्याचं अंतर काही नॅनोमीटर एवढंच असतं. आपला केस हजारो पटींनी जाड असतो, त्यामुळे धुळीचा कणसुद्धा त्याच्या वाटेत डोंगरासारखा येतो.

तबकडीवर आपल्या फायलींच्या जोडीला वाटेच्या खुणाही कोरलेल्या असतात. रात्रीच्या एसटीचा ड्रायव्हर किलोमीटरचे दगड बघत जातो, तसं हेड या खुणा बघत आपली जागा शोधतं. खुणा दिसल्या नाहीत तर दांडा मागे डेपोत जातो, म्हणजे तबकडीच्या कडेला हेड टेकवायची जी जागा असते तिथे, आणि पुन्हा निघतो. जाताना-येताना तो कडेच्या अडथळ्यावर आपटतो, आणि आपल्याला ऐकू येतं ते टक्.

म्हणजे टक् हा तुटण्याचा आवाज नाही. वाट सापडत नाही म्हणून दांडा परत फिरतो, त्याचा आहे. वाट न सापडण्याची कारणं वेगवेगळी असतात. हेड खरंच बिघडलेलं असेल, तबकडीवर ओरखडा असेल, किंवा एवढंच असेल की तबकडी पुरेशा वेगाने फिरतच नाहीये.

आधी वीज तपासा

शेवटचं कारण सगळ्यात स्वस्त, म्हणून तपासायचं सगळ्यात आधी. गावाकडे व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर नुसती घुमते, उचलत नाही. छोट्या डिस्कचं तेच होतं. तिला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो, सगळी वीज यूएसबीच्या वायरीतून येते. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअ‍ॅम्पिअर मिळतील एवढंच धरायचं, यूएसबी ३ कडून ९००. तबकडी पहिल्यांदा फिरवताना डिस्कला सगळ्यात जास्त वीज लागते. तेवढ्यात वीज कमी पडली की तबकडी वेग घेता घेता थांबते, दांडा परत जातो, टक्, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मामांनी डिस्क लावली होती कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टला, तीही दीड मीटरच्या एक्स्टेन्शन वायरीतून, कारण "खाली वाकायला नको". पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून लांब वायरीने येतात, वर ही एक्स्टेन्शन, त्यामुळे वीज पोचेपर्यंत पडते.

कानाने ओळखायचं असेल तर डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि कान जवळ न्या. चालू डिस्क उचलून कानाला लावू नका. हेड तरंगत असताना बसलेला हलका धक्काही महागात पडतो. वीज कमी असेल तर तबकडीची घरघर एका सुरात येतच नाही. ती चढते, पडते, टक् होतं, पुन्हा चढते, आणि दिवा मिणमिणतो. हेड बिघडलं असेल तर घरघर व्यवस्थित चढून एका सुरात स्थिर होते, मग ठरावीक अंतराने टक् टक् सुरू होतं, आणि काही वेळाने डिस्क हार मानून थांबते. पोर्ट कोणताही असो, हे असंच होतं. घरघर अजिबात नाही आणि नुसतं बारीक 'पीं पीं' किंवा गुणगुण येत असेल, तर बहुतेक वेळा हेड तबकडीवर चिकटलेलं असतं किंवा मोटर जाम असते. अशी डिस्क पुन्हा लावून बघायची नाही.

या तपासणीला जास्तीत जास्त दोन खेपा द्यायच्या, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या. एकदा चांगल्या आखूड वायरीने, एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर. डेस्कटॉपचा असेल तर मागचा पोर्ट घ्या, मधे हब नको. दुसऱ्या खेपेलाही तबकडी नीट फिरून टक् टक् करत असेल, तर घरातले प्रयोग तिथेच संपले.

मोठ्या, अ‍ॅडॉप्टरवाल्या डिस्कबद्दल एकच सांगतो. अ‍ॅडॉप्टर कमजोर झाला तरी ती अशीच वाजते, पण बदली अ‍ॅडॉप्टर तितक्याच व्होल्टचा हवा. त्या बहुतेक १२ व्होल्टच्या असतात. लॅपटॉपची १९ व्होल्टची पिन तिथे कधीकधी आरामात बसते आणि आतली सर्किटची पट्टी जाळू शकते.

यादीत नाही म्हणजे नक्की कुठे नाही?

मामा दुसऱ्या दिवशी एसटीने पुण्याला आले. डिस्क रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. आखूड वायरीने माझ्या लॅपटॉपला लावली तर टक् टक् थांबलं होतं. मामांचा चेहरा उजळला, पण फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्क तरीही नव्हती.

इथे मी त्यांना त्यांच्याच शाळेतलं उदाहरण दिलं. फाइल एक्सप्लोरर म्हणजे वर्गातली हजेरी. नाव पुकारलं, 'हजर' आलं, तरच खूण. Disk Management म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. मुलगा आजारी असला तरी रजिस्टरवर नाव असतं. विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ते उघडता येतं.

रजिस्टरवरही नाव नसेल, तर कॉम्प्युटर आणि डिस्क यांचं बोलणंच होत नाहीये. नाव आहे पण आकार शून्य दिसतो किंवा Not Initialized म्हणतो, तर पट्टी बोलते पण तबकडीवरचं काही वाचता येत नाही. टक् टक् करणाऱ्या डिस्कचं बऱ्याचदा हेच होतं. आकार बरोबर आहे पण RAW लिहिलंय, तर तबकडी वाचता येते, फक्त फायलींची अनुक्रमणिका खराब आहे. आणि सगळं ठीक असून नुसतं ड्राइव्हचं अक्षर नसेल, तर लॉटरी लागली समजा.

मामांच्या डिस्कचा आकार आला ९३१ जीबी. १ टीबीची डिस्क विंडोज अशीच दाखवतं, काही हरवलेलं नसतं. शेजारी RAW. आणि लगेच खिडकी उघडली: You need to format the disk before you can use it.

मामांचा हात माऊसकडे गेला. "म्हणतंय ना ते, करून टाकू?"

इथे Cancel. नेहमी Cancel. Initialize लाही नाही, Format लाही नाही, Scan and fix लाही नाही. फॉरमॅट म्हणजे जुनी अनुक्रमणिका फाडून कोरी चिकटवणं. विंडोजच्या chkdsk या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेची सवय असलेले लोक इथे हमखास विचारतात, "ते तर दुरुस्त करतं ना?" ते दुरुस्त करतं अनुक्रमणिका, तीसुद्धा आजारी डिस्कवरच लिहून. जी नोंद वाचता आली नाही ती चुकीची समजून ते काढून टाकू शकतं. फाइल तबकडीवर तशीच असते, पण तिचा पत्ता जातो.

आधी प्रत, मग शोध

रिकव्हरीची बहुतेक सॉफ्टवेअर आजारी डिस्कवरच तासन्‌तास शोध घेतात. वाचता न येणाऱ्या जागेवर पुन्हा पुन्हा अडून बसतात, आणि तेवढ्यात उरलेलं हेडही दमतं. कॉपी-पेस्टचंही तेच. शहाणा क्रम उलटा आहे. अख्ख्या डिस्कची, फायलींचा विचार न करता, पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत एक प्रत करायची. तिला 'इमेज' म्हणतात. मग मूळ डिस्क बाजूला, आणि सगळी शोधाशोध इमेजवर.

यासाठी ddrescue नावाचं मोफत साधन आहे. त्याची खुबी अशी की ते आधी सोपा भाग भराभर उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि काय झालं-काय राहिलं याची नोंद एका नकाशा-फाइलीत ठेवतं. मधेच थांबवलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. मी SystemRescue हे लिनक्स पेनड्राइव्हवर घालून लॅपटॉप त्यावरून सुरू केला. त्यात हे साधन आधीच असतं, आणि ते लावलेली डिस्क आपणहून उघडायला जात नाही. विंडोज मात्र सारखं डोकावत बसतं. इमेज ठेवायला वेगळी २ टीबीची डिस्क घेतली. प्रत मूळ डिस्कच्या पूर्ण आकाराची होते, त्यात ६०० जीबीच भरलेले असले तरी.

आधी कोण कुठे आहे ते बघायचं:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL
```

आजारी डिस्कचं नाव sdb आलं. नवी डिस्क `/mnt/copy` वर जोडली आणि सुरू केलं:

```
ddrescue -n /dev/sdb /mnt/copy/mama.img /mnt/copy/mama.map
```

आधी मूळ, मग प्रत, शेवटी नकाशा. हा क्रम मी दोनदा बोट ठेवून वाचतो. `-n` म्हणजे खराब जागा खरवडत बसू नकोस.

पहिले दोन तास दहा मिनिटं मामा चहा पीत, आकडा वाढताना बघत होते. सेकंदाला ८५-९० एमबी, अगदी निरोगी डिस्कसारखं. सुमारे ७०० जीबीवर वेग धाडकन पडला, आणि खोलीत आवाज आला. टक्.

मी Ctrl+C दाबलं.

इथे थांबायचं की पुढे जायचं?

हा प्रश्न तांत्रिक नाही, पैशांचा आणि जिव्हाळ्याचा आहे. आता वीज पुरेशी होती, म्हणजे हा टक् खरा होता. त्या भागातली तबकडी किंवा हेड दुखणाईत होतं. वायरीचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं. डिस्क एखाद्या कंपनीच्या हिशेबांची असती, तर मी तिथेच बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबचा रस्ता दाखवला असता. मामांना दोन्ही बाजू सांगितल्या. लॅबचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट असतो. आणि पुढे गेलो तर हेड कायमचं जाण्याचा धोका आहे, मग लॅबचंही काम अवघड होतं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. "सत्तर टक्के आलंय म्हणतोस. उरलेलं जपून बघ. पण पुन्हा सारखी वाजायला लागली तर बंद."

डिस्क अर्धा तास थंड होऊ दिली. पुन्हा लावल्यावर ती sdb नाही, sdc म्हणून आली. असं होऊ शकतं, आणि इथेच लोक चुकतात. जुनी आज्ञा तशीच चालवली तर भलतीच डिस्क वाचली जाते आणि प्रतीची खिचडी होते. पुन्हा lsblk, नाव बदललं, आणि दुखरा भाग ओलांडून उडी मारली:

```
ddrescue -n -i 730G /dev/sdc /mnt/copy/mama.img /mnt/copy/mama.map
```

७३० जीबीपासून शेवटापर्यंत एकही टक् नाही. वेग कमी होता, पण तबकडीच्या आतल्या भागात तो कमीच असतो. साधारण ऐंशी मिनिटांत ते पूर्ण झालं. मधला ३० जीबीचा पट्टा मग शेवटाकडून मागे वाचत घेतला:

```
ddrescue -n -R -i 700G -s 30G /dev/sdc /mnt/copy/mama.img /mnt/copy/mama.map
```

उलट वाचन फार सावकाश चालतं, कारण डिस्कची सवय पुढे वाचायची. सव्वा तासात २१ जीबी आले, मग वेग पुन्हा कोसळला. टक् व्हायची वाट न बघता थांबवलं. ९ जीबी राहिले, शंभरात एकसुद्धा नाही. मूळ डिस्क काढली.

इमेजवर TestDisk हे खराब अनुक्रमणिका शोधून काढणारं साधन चालवलं. अनुक्रमणिकेची पहिली नोंद खराब होती, पण तिची राखीव प्रत शाबूत निघाली, आणि फोल्डर नावांसकट दिसायला लागले. 'काकडा', 'गाथा पारायण', 'चिनूचं बारसं'. अनुक्रमणिका अजिबात सापडली नसती तर PhotoRec वापरता आलं असतं. ते फायली आशयावरून ओळखतं, पण नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने हाती येतात.

"पण आमच्या ओळखीच्या एकाने फ्रीझरमध्ये ठेवून..."

हा प्रश्न दरवेळी येतो. जुन्या काळच्या डिस्कमध्ये आकुंचन-प्रसरणाने कधीतरी जाम झालेलं सुटत असे, त्यातून ही दंतकथा चालत आली. आज थंड डिस्क बाहेर काढली की आमरसाच्या पातेल्याला फुटतो तसा घाम तिला आत-बाहेर फुटू शकतो. नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडसमोर पाण्याचा थेंब. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, तर विचारूच नका. टेबलावर आपटून बघणं हा त्याचाच धाकटा भाऊ.

उघडून बघणंही तसंच. व्हिडिओत झाकण काढलेली डिस्क फिरताना दिसते, आणि ती काही मिनिटं फिरतेही. पण घरातल्या हवेतली धूळ तबकडीवर बसली की तिचे दिवस भरले.

"बाहेरचं प्लास्टिक काढून आतली डिस्क थेट कॉम्प्युटरला लावली तर?" हा त्यातल्या त्यात समंजस प्रश्न आहे. मोठ्या डिस्कमध्ये कधीकधी मधली यूएसबीची पट्टीच गेलेली असते आणि हे जमतं. पण अनेक छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट मुख्य पट्टीवरच असतं, लावायला दुसरी जागाच नसते. काहींमध्ये ती पट्टी सगळी माहिती गुप्त लिपीत लिहिते, मग थेट जोडली तरी गिचमीड दिसते. आणि तशाच दुसऱ्या डिस्कची पट्टी आणून बसवण्याचा उद्योगही फसतो, कारण पट्टीवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं असतात. ती चिपही हलवावी लागते, आणि ते कारागिराचं काम.

लॅबवाल्याला काय विचारायचं

टक् टक् पक्कं हेडचं असेल तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिची हेडं काढायची, धूळरहित कक्षात इकडे बसवायची, आणि ती टिकतील तेवढ्या वेळात इमेज घ्यायची, असं ते काम असतं. म्हणून विचारायचं ते एवढंच: डिस्क कुठे उघडता, तुमच्याकडेच की पुढे पाठवता? हेड बदलता का? आधी इमेज घेता का? माहिती निघाली नाही तर किती पैसे? आणि न विचारता उघडणार नाही असं लिहून द्याल का? "ठेवून जा, संध्याकाळी सॉफ्टवेअर लावून बघतो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून डिस्क परत घ्या. त्याला सगळा इतिहासही खरा सांगा, पडली होती का, किती वेळा लावून बघितली. लाजून लपवलं तर तो चुकीच्या टोकाने सुरुवात करतो.

मामांच्या रेकॉर्डिंगपैकी तीन फायली अर्धवट निघाल्या. एका काकड आरतीत मधेच पखवाज थांबतो आणि काही क्षणांनी पुढच्या कडव्यावर सुरू होतो. आता दोन नव्या डिस्क आहेत, एक साताऱ्याला आणि एक माझ्याकडे. जुनी डिस्क टाकून देऊ का, असं मामांनी विचारलं. मी नको म्हणालो. ते ९ जीबी अजून तिच्यावरच आहेत, उद्या लॅबला द्यावंसं वाटलं तर त्यांच्या कामी येतील. स्टीलच्या त्याच डब्यात ती ठेवलीय. झाकणावर मामांनी खडूच्या वळणाच्या अक्षरात पट्टी चिकटवलीय: 'लावू नये'.